लिव्हर घट्ट लागतंय म्हणजे पॅड शाबूत आहेत, असं नाही

«सायकलवाल्यांनो, उगाच पैसे घालवू नका. लिव्हर घट्ट लागतंय तोवर पॅड चांगले. सैल वाटलं तर केबल आवळा. खरखर आवाज आला की मगच बदला. बदलताना मेटलचेच घ्या, दुप्पट टिकतात आणि सगळ्या सायकलींना चालतात. कुईकुई झालं तर डब्ल्यूडी-४० चा एक फवारा मारा. अनुभवाचे बोल आहेत, पुढे पाठवा.»

मी साताऱ्यात राहतो, आठवड्यातून दोनदा यवतेश्वरचा घाट चढतो-उतरतो आणि माझ्या व मित्रांच्या सायकलींचे ब्रेक घरीच खोलतो. हा मेसेज बरोबर कास फुलायच्या दिवसांत फिरतोय. त्या दिवसांत नवी मुलं पावसात घाट उतरत असतात, म्हणून एकेक गोष्ट नीट सांगतो.

सुरुवात लिव्हरपासून. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजला की पिस्टन तेवढाच पुढे सरकतो आणि तिथेच थांबतो. मागे रिकामी झालेली जागा लिव्हरजवळच्या टाकीतलं तेल भरून काढतं. त्यामुळे पॅड आणि डिस्क यांच्यातली फट कायम सारखीच राहते. पॅडवर २ मिलिमीटर माल असो की अर्धा, बोटाला लिव्हर जवळजवळ तसंच लागतं. ब्रेकची रचनाच तशी केलेली आहे आणि ती चांगली आहे, पण त्यामुळेच पॅड किती उरलाय हे लिव्हर सांगू शकत नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

बघायचं असं. चाक काढा आणि कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड ज्यात बसतात त्या भागात, मोबाईलचा टॉर्च मारा. चाक नसताना लिव्हर चुकूनही दाबू नका, पिस्टन बाहेर येतात. खबरदारी म्हणून बघून झाल्यावर मध्ये पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा. प्रत्येक पॅडचे दोन थर दिसतील, मागची धातूची पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला घासणारा माल. पट्टी मोजायची नाही, फक्त माल मोजायचा. इथेच बहुतेकजण फसतात, कारण चिखलाने दोन्ही थर एकाच रंगाचे होतात आणि पॅड भरपूर जाड वाटतो. आधी कोरड्या ब्रशने झाडून घ्या.

नव्या पॅडवर साधारण २ मिलिमीटर माल असतो. शिमानो कंपनीच्या ब्रेकला तो ०.५ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचा. स्रॅम ही दुसरी कंपनी पट्टीसकट मोजायला सांगते, पट्टी आणि माल मिळून ३ मिलिमीटरच्या खाली गेले की बदला. दोन्ही आकडे बरोबर आहेत, मोजायची रीत वेगळी, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. घरात व्हर्नियर नसेल तर एटीएम कार्ड घ्या. त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. कार्डाची कड पॅडशेजारी धरून बघा. माल कार्डाएवढा दिसला की नवे पॅड आणून ठेवा, कार्डाहून बारीक दिसला की त्याच रविवारी घाला. दोन्ही पॅड बघा, आणि एकाच पॅडची दोन्ही टोकंही बघा. कॅलिपर जरा तिरका बसला असेल तर एक टोक आधी संपतं.

आता केबल आवळण्याचा सल्ला. सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. आपल्याकडे कमी किमतीच्या बहुतेक डिस्कवाल्या सायकलींना केबलवरचे ब्रेक असतात. त्यात बाहेरचा एकच पॅड हलतो. तो डिस्कला ढकलतो, डिस्क किंचित वाकून आतल्या स्थिर पॅडवर टेकते आणि मग चाक धरलं जातं. झिजतात दोन्ही. तुम्ही नुसती केबल आवळली तर केबल ज्याला ओढते तो कॅलिपरवरचा आर्म आधीच अर्धा फिरलेला राहतो, म्हणजे दाबायला उरलेला पल्ला कमी होतो. तिकडे आतल्या पॅडची फट मात्र वाढतच जाते, ती केबलने भरत नाही. डिस्कला दर वेळी आणखी वाकावं लागतं. आणि एक दिवस आर्म पुरता फिरून टेकतो, लिव्हर हँडलला चिकटतं आणि सायकल चालतच राहते.

ऑगस्टमध्ये आमच्यातल्या एकाचं अगदी हेच झालं. तीन आठवड्यांत त्याने मागच्या ब्रेकची केबल तीनदा आवळली होती, दर वेळी लिव्हर छान घट्ट झालं. कासहून उतरताना यवतेश्वरच्या पुढच्या वळणांवर ते हँडलला टेकलं. पुढचा ब्रेक धड होता म्हणून तो डोंगराच्या बाजूच्या गवतात सायकल घालून थांबू शकला. संध्याकाळी मी ती सायकल त्याच्या पडवीत उलटी करून खोलली. बाहेरच्या पॅडवर ०.६ मिलिमीटर माल होता, म्हणजे टॉर्च मारून वरवर बघितलं असतं तर तो चालण्यासारखाच वाटला असता. आतल्या पॅडवर काहीच नव्हतं, नुसती पट्टी, तिच्यावर चकचकीत ओरखडे. डिस्कच्या आतल्या बाजूला बोटाच्या नखाला लागतील अशा खाचा पडल्या होत्या. डिस्क नवी असताना १.८ मिलिमीटर होती, आता १.४ भरली. तिच्यावरच बारीक अक्षरांत किमान जाडी १.५ कोरलेली होती. पॅडची जोडी काही शे रुपयांत आली असती, तिथे पॅडही आणि डिस्कही बदलावी लागली.

बरोबर क्रम असा. आधी केबल सैल करून आर्म पूर्ण मागे जाऊ द्या. मग चाकाच्या बाजूने ॲलन की घालून आतला स्क्रू फिरवा आणि आतला पॅड डिस्कला लागता लागता थांबवा. त्यानंतरच केबलचा ढिलेपणा काढा. आतला स्क्रू शेवटपर्यंत गेला तर पॅड संपलेत, आवळण्यासारखं काही उरलेलं नाही.

तीन आठवड्यांत पॅड कसे संपतात, असं त्याने विचारलं. एक कारण उतार. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. १०० मीटर उंची उतरताना त्यांची सुमारे ८३ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. पाव लिटर साधं पाणी उकळायला एवढीच उष्णता लागते. वेगात उतरलात तर त्यातली बरीचशी वारा घेतो, पण घाबरून ब्रेक दाबतच हळू उतरलात तर जवळपास सगळी ब्रेकमध्ये जाते. आणि साताऱ्यापेक्षा कास कितीतरी शे मीटर उंच आहे. दुसरं कारण चिखल. पठारावरची जांभ्याची लाल माती ओली झाली की पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये घासपेस्टसारखी बसते. माझ्या सायकलीवर जे पॅड अख्खा हिवाळा काढतात, तेच पावसात महिन्यात निम्मे होतात. म्हणून जून ते सप्टेंबर दर चार-पाच राईडनंतर मी चाक काढून बघतो.

आवाजाची वाट बघण्याबद्दल रबराच्या, म्हणजे रिम ब्रेकवाल्यांनी विशेष ऐकावं. तिथे खरखर आली तर बहुतेकदा रबर संपलेलं नसतं, त्यात खडीचा कण किंवा रिमचाच ॲल्युमिनियमचा कीस रुतलेला असतो. टाचणीने तो उकरून काढा आणि रबराचा पृष्ठभाग पॉलिश पेपरवर दोन हात घासा, ब्रेक पुन्हा शांत होतो. उलट झिजलेलं रबर एकदम गप्प असू शकतं. त्याची खूण वेगळी आहे: रबरावरच्या आडव्या खाचा. त्या बुजत आल्या किंवा कडेला छापलेल्या रेषेपर्यंत रबर आलं की बदला. व्ही-ब्रेकमध्ये आणखी एक होतं. रबर झिजेल तसे दोन्ही आर्म आत येतात आणि रबर रिमवर खाली खाली टेकू लागतं. मग खालच्या बाजूला न झिजलेल्या रबराचा ओठ तयार होतो, तो रिमच्या खाली अडकतो, आणि फारच झालं तर रबर स्पोकमध्ये जातं. रबरावर बोट फिरवलं की हा ओठ लगेच लागतो. रबर बदलताना रिमही बघा. तिच्या कडेला खोलगट ठिपका किंवा बारीक खाच असते, ती नाहीशी झाली असेल किंवा सरळ पट्टी लावल्यावर मध्ये उजेड दिसत असेल, तर रिम संपली आहे.

मेटलचे पॅड जास्त टिकतात, हे खरं आहे. ओल्या चिखलात आणि लांब उतारावर ते रेझिनच्या, म्हणजे मऊ मालाच्या पॅडपेक्षा चांगले धरतात, तापल्यावर ढिले पडत नाहीत. मात्र ते जास्त आवाज करतात, थंड असताना पहिली पकड जरा कमी देतात आणि कॅलिपरकडे उष्णताही जास्त पाठवतात. आणि ते सगळ्यांना चालत नाहीत. तुमच्या डिस्कवर वाचा. परवडणाऱ्या सायकलींच्या पुष्कळ डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ कोरलेलं असतं. तिचं पोलाद मऊ असतं, मेटलचा पॅड तिला खाऊन टाकतो. पॅड दुप्पट टिकवायच्या नादात डिस्क जाते. अशा डिस्कला रेझिनच घाला आणि लवकर बदला. घाटासाठी मेटलच हवे असतील तर आधी त्याला चालणारी डिस्क घ्या. आकारही प्रत्येक कॅलिपरचा वेगळा असतो, म्हणून दुकानात जुना पॅड हातात घेऊन जा. रिमवाल्यांसाठी एवढंच की कार्बनच्या रिमला कार्बनचंच रबर लागतं. ॲल्युमिनियमवर वापरलेलं रबर तिकडे लावू नका, त्यात रुतलेला कीस कार्बन कापतो.

राहिला फवारा. ब्रेकवर तेल मारू नका, कधीच, कुठल्याही कारणाने. पॅडचा माल तेल शोषून घेतो, ते पुन्हा निघत नाही आणि पुढच्या उतारावर ब्रेक लागत नाही. कोणी आधीच मारला असेल तर ते पॅड टाकून द्या आणि स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन डिस्क पुसा. चेनला तेल देतानाही मागच्या डिस्कवर फडकं धरा. तेल न लागता कुईकुई येत असेल तर पॅड चकाकलाय का ते बघा. चकाकला असेल तर पॉलिश पेपरवर घासून ती झिलई काढली की आवाज जातो.

नवे पॅड घातल्यावर लगेच घाटात जाऊ नका. आमच्या मित्राने नवी डिस्क आणि पॅड बसल्यावर सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या वेगापासून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक न लॉक करता, वीसेक वेळा ब्रेक मारला. पहिल्या चार-पाच वेळा पकड इतकी कमी होती की त्याला वाटलं मी चुकीचे पॅड घातले. दहाव्या-बाराव्या वेळेपासून पॅडच्या मालाचा पातळ थर डिस्कवर बसायला लागला आणि पकड येत गेली. विसाव्या वेळी लिव्हर एका बोटाने दाबताच मागचं चाक थांबलं.