दह्यात किती तास? एका प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, तुमच्या लेखात 'चिकन दह्यात जितकं मुरेल तितकं चांगलं' असं लिहिलंय. मी बोनलेस ब्रेस्टचे तुकडे शनिवारी रात्रीपासून सोमवारी दुपारपर्यंत ठेवले. वरून पिठूळ लगदा आणि आत कोरडं ठणठणीत. मग मिठाच्या पाण्यात ठेवा म्हणणारेच बरोबर, नाही का?»

'जितकं मुरेल तितकं चांगलं' हे माझं वाक्य चुकीचंच होतं. ते आजच लेखातून काढलं. तुमचं चिकन वाया गेलं याचं खरंच वाईट वाटलं. पण मिठाचं पाणी आणि दही यांत एक बरोबर आणि दुसरं चूक असं नाही, कारण दोघांची कामं वेगळी आहेत.

पुढच्या वेळी हळद घातलेल्या दह्यात मुरलेला एक कच्चा तुकडा आडवा कापून बघा. कडेला दोन-तीन मिलिमीटरची पिवळी पट्टी दिसेल आणि मध्ये मांस जसंच्या तसं गुलाबी. मसाल्याची चव बहुतेक त्या पट्टीपाशीच थांबते. दह्यातलं आम्लही हळूहळूच आत सरकतं. गाभ्यापर्यंत सहज पोचतं ते फक्त मीठ. स्नायूंच्या धाग्यांमधली प्रथिनं मिठामुळे थोडी विरघळतात, धागे फुगतात आणि शिजताना आवळून पाणी बाहेर टाकण्याऐवजी बरंचसं धरून ठेवतात. मिठाच्या पाण्याची करामत एवढीच आहे, आणि दह्यात घातलेलं मीठही तेच काम करतं, फक्त जरा सावकाश. तुम्ही दह्यात मीठ किती घातलं होतं ते लिहिलं नाहीत. चिमूटभरच असेल, तर आतल्या कोरडेपणाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. उरलेलं अर्धं आचेत असतं: ब्रेस्ट आतून ७४ अंश सेल्सिअसला शिजलेला असतो, ८० च्या पुढे गेला की कशातही मुरवलेला असो, कोरडाच लागणार.

आता दही. त्यातल्या लॅक्टिक आम्लामुळे पृष्ठभागाजवळची प्रथिनं उलगडतात, धाग्यांची वीण सैल होते, म्हणून घास मऊ लागतो. लिंबाच्या रसाचा पीएच साधारण दोन-अडीच, दह्याचा साडेचारच्या आसपास, आणि चिकनचा स्वतःचा सहाच्या जवळ. म्हणजे लिंबाच्या मानानं दही फारच सौम्य. शिवाय ते दाट असतं आणि मांसाला चिकटून राहतं. पण सौम्य असलं तरी ते थांबत नाही. फ्रीजमध्ये वेग कमी होतो, एवढंच. तास वाढत गेले की वरच्या थरातली प्रथिनं इतकी विस्कटतात की त्यांना धाग्याचा आकार उरत नाही. तोच तुमचा पिठूळपणा. चाळीस तासांत दह्यानं वरचा थर बिघडवला, आणि आत त्याचा उपयोग होणारच नव्हता.

इंचभराच्या बोनलेस तुकड्यांना मी चार ते सहा तास देते. बारा तास ही शेवटची हद्द. हाडासकट, चिरा दिलेले लेग पीस रात्रभर, फार तर चोवीस तास टिकतात. दह्यात लिंबूही पिळलं असेल तर दोन तासांत आटपायचं. कच्ची पपई असेल तर अर्ध्या तासाच्या पुढे मी जातच नाही. तिच्यातलं एन्झाइम प्रथिनं सरळ तोडतं आणि तव्यावर गरम होताना तर त्याला आणखी जोर येतो.

हद्द ओलांडली हे शिजवण्याआधीच कळतं. कडा गुलाबी न राहता खडूसारख्या पांढरट होतात, बोटानं दाबलं की खळगा तसाच राहतो, चोळलं की धागे सुटून हाताला लागतात. असं दिसलं तर तुकडे भाजायच्या भानगडीत न पडता सरळ खिमा करा.

मिठाच्या पाण्यालाही हद्द आहेच. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, त्यात बोनलेस ब्रेस्ट फ्रीजमध्ये तासभर. रात्रभर ठेवलात तर खारट आणि रबरासारखं दडस होतं. बाहेर काढल्यावर कोरडं पुसायचं, नाहीतर वरच्या ओलीमुळे रंग धरत नाही.

दोन्ही करायची गरज मला वाटत नाही. केलंत तर मात्र दह्यात मीठ घालू नका. माझी स्वतःची पद्धत एकाच भांड्याची: एक किलो बोनलेस चिकन, पाव किलो घट्ट दही आणि मोजून १५ ग्रॅम मीठ. चमच्याचा अंदाज नको, कारण जाड आणि बारीक मिठाचा चमचा सारखा भरत नाही. या वेळी चार तासांनी एक तुकडा काढून भाजा, आठ तासांनी दुसरा, आणि दोन्ही आडवे कापून शेजारी ठेवा. काय फरक दिसला ते इथेच लिहा, मी वाट बघते.