पन्नाशीनंतर पाचच वर्षं? लायसनच्या मुदतीबद्दलच्या माझ्या लेखावर आलेल्या एका प्रतिक्रियेला उत्तर

"पन्नाशीच्या माणसाला दहा वर्षांचं लायसन मिळतं हे साफ चूक आहे. पन्नाशीनंतर पाचच वर्षं मिळतात, माझे वडील तीनदा आरटीओत जाऊन आलेत. डॉक्टरचा दाखलाही टॅक्सी-ट्रकवाल्यांना लागतो, घरची गाडी चालवणाऱ्यांना नाही. पंच्याहत्तरीनंतर मात्र दरवर्षी लागतो, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. अर्धवट माहिती देऊ नका."

तुमच्या वडिलांचे हेलपाटे खरे आहेत, कारण त्या वेळी नियमच तसा होता. खासगी गाडीचं लायसन वीस वर्षांचं किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंतचं, यातलं जे आधी संपेल ते. आणि पुढे दर पाच वर्षांनी फेरी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १ सप्टेंबर २०१९ पासून हे गणित बदललं. आता नूतनीकरणाच्या दिवशी तुमचं वय किती, ते पाहतात. तिशीच्या आत असाल तर चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासमध्ये दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये वयाच्या साठीपर्यंत आणि पंचावन्न पूर्ण झाल्यावर पाच वर्षं.

माझ्या थोरल्या भावाचंच घ्या. जन्म जून १९७२ चा, लायसन २००२ चं, म्हणून जुन्या नियमाने ते जून २०२२ मध्ये संपलं. पन्नास पूर्ण झाल्यावर त्याच महिन्यात त्याने नूतनीकरण केलं आणि हातात पडलं जून २०३२ पर्यंतचं लायसन. दहा वर्षं. त्याच्याच ऑफिसातले छप्पन्न वर्षांचे गृहस्थ त्याच सुमारास गेले, त्यांना २०२७ पर्यंतचं मिळालं. तेव्हा माझ्या लेखातला 'पन्नाशीचा माणूस' हा शब्द ढिला होता, हे कबूल. छप्पन्नाव्या वर्षीही लोक स्वतःला पन्नाशीतलेच म्हणवतात, आणि त्यांना दहा वर्षं मिळत नाहीत.

मुदत संपण्याच्या वर्षभर आधीही अर्ज करता येतो, पण नवी मुदत नूतनीकरणाच्या दिवसापासून मोजतात. भाऊ डिसेंबर २०२१ मध्येच गेला असता तर दहा वर्षं डिसेंबर २०३१ ला संपली असती, म्हणजे सहा महिने फुकट गेले असते. पण म्हणून उशीरही करू नका. मुदतीनंतर तीस दिवस लायसन चालायचं ती सवलत २०१९ मध्येच गेली. वर्ष उलटलं तर परत चाचणी द्यावी लागते, मग तुम्ही तीस वर्षं गाडी चालवलेली असो.

दाखल्याचं मात्र तुमचं चुकतंय. नूतनीकरणाच्या वेळी चाळीस पूर्ण असतील तर घरच्या स्कूटरलाही फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरचा दाखला, लागतोच. वाहतुकीच्या गाडीला तो कुठल्याही वयात लागतो. पंच्याहत्तरीनंतर दरवर्षी दाखला मागणारं कलम कायद्यात नाही, खासगी लायसनला वयाची वरची मर्यादाही नाही. ७५ वर्षांच्या आजोबांना पाच वर्षांनीच जायचंय, ७० च्या बायकांनाही तसंच. मात्र आजारामुळे गाडी चालवणं धोक्याचं आहे असं मानायला सबळ कारण असेल, तर परवाना अधिकारी मधेही नवा दाखला मागू शकतो किंवा लायसन रद्द करू शकतो.

आता तो दाखला कसा मिळतो, तेही सांगतो. माझे वडील अडुसष्टचे. एका दवाखान्यात गेलो, डॉक्टरांनी मान वर न करता रकाने भरले, शिक्का मारला, दोन मिनिटांत आम्ही बाहेर. फॉर्ममधला प्रश्न साधा आहे: दिवसाच्या चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर तो लावून, २५ मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का? मी रस्त्यावरच अंदाजे तेहेतीस पावलं मोजली आणि उभ्या असलेल्या गाडीची पाटी वाचायला सांगितली. बाबांनी आठाचे तीन केले, आणि दुसऱ्यांदा सहा केले. मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेनंतर नवा चष्मा आला तेव्हा पाटी नीट वाचता आली. मग दुसरीकडून, डोळे तपासून घेऊन, दाखला केला. आधीचा फाडून टाकला.

एक डोळा गेला म्हणून लायसन आपोआप जात नाही, हेही त्याच फॉर्मांवरून कळलं. निदान पाच वर्षं लायसन असताना नंतर एका डोळ्याची दृष्टी गेली असेल आणि अर्ज हलक्या खासगी मोटारीसाठी असेल, तर स्टिअरिंगच्या बाजूला बाहेरचा आरसा असलेली गाडी चालवायला एका डोळ्याने पाटी वाचलेली चालते. टॅक्सीला ही सूट नाही.

आणि टॅक्सीवरून आठवलं. तुमच्या वडिलांच्या लायसनात वाहतुकीच्या गाडीची नोंद असेल तर कार्डावर दोन तारखा असतील, एनटी म्हणजे खासगी गाडीसमोर एक आणि टीआर म्हणजे वाहतुकीच्या गाडीसमोर एक. टीआरची मुदत २०१९ पासून पाच वर्षांची आहे, आधी तीनच होती. लोक एनटीची लांबची तारीख पाहून निर्धास्त राहतात आणि टीआर कधीच संपलेली असते. त्यांचं कार्ड काढून दोन्ही तारखा बघा आणि इथे कळवा. जन्मवर्षही लिहा, पुढची मुदत किती मिळेल ते मोजून देतो.