Overlay 30% मारलं की चप्पल पायरीवर बसत नाही

“निऑन बोर्डाच्या फोटोत नंतर टाकलेली वस्तू खरी वाटायला पाहिजे? सोप्पंय. आयड्रॉपरने बोर्डाचाच रंग उचला, वस्तूवर त्या रंगाची लेयर टाका, Overlay, 30%. खाली मऊ काळी सावली. कुठलीही वस्तू, कुठलाही बोर्ड. मास्क-बिस्कची भानगडच नाही.”

हा फॉरवर्ड फिरत फिरत आमच्या भाच्यापर्यंत आला. त्याने चप्पल लाईनमधल्या एका दुकानासाठी त्यावरून फोटोशॉपमध्ये पोस्टरही करून टाकलं. रात्रीची काळ्या दगडाची पायरी, डावीकडे वर गुलाबी बोर्ड आणि पायरीवर कोल्हापुरीचा जोड. जोड पायरीवर टेकलेला दिसतच नाही, स्टिकर लावल्यासारखा दिसतो. तेव्हा एकदाचं सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठा घोळ Overlay चा आहे. अडोबीच्या स्वतःच्या मदतपानावर या मोडबद्दल स्पष्ट लिहिलंय की खालच्या चित्रातले उजळ आणि गडद भाग तो जपतो. म्हणजे शुद्ध पांढरं पांढरंच राहणार. आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. गुलाबी बोर्डाखाली सगळ्यात जास्त गुलाबी कोण दिसतं? पांढरा सदरा, पांढरा कागद, चपलेवरची फिकट वेणी. नेमकं जिथे रंग भरपूर दिसायला हवा, तिथेच हा मोड हात आखडतो.

त्याहून वाईट गोष्ट आकड्यांत दिसते. चामड्याचा तपकिरी रंग लाल, हिरवा, निळा या क्रमाने धरा 170, 110, 65. त्यावर 255, 60, 150 असा गुलाबी Overlay ने 30% टाकला तर साधारण 195, 93, 68 येतात. हिरवा 110 वरून 93 वर उतरला! दिवा लावल्यावर उजेड वाढतो, कुठल्याही रंगाचा कमी होत नाही. डोळ्याला हे आकड्यांत सांगता येत नाही, पण चामडं मळकट, रंग फासल्यासारखं दिसतं ते यामुळेच.

मग करायचं काय? नवीन दिव्याचा उजेड वस्तूच्या मूळ रंगाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे प्रत्येक चॅनेलला गुणाकार. हे काम Curves ही अॅडजस्टमेंट लेयर करते. पण आधी चप्पल अंधारात आणावी लागते, आणि हा टप्पा फॉरवर्डमध्ये गायबच आहे. स्टुडिओतला फोटो भर उजेडातला असतो. त्यावर बोर्डाचा उजेड वाढवायला जागाच उरत नाही, पांढरे भाग 255 ला जाऊन धडकतात.

पायरीवर बोर्डाचा उजेड न पडलेल्या जागी पांढरा कागद 110 च्या आसपास दिसत असेल आणि स्टुडिओत तोच 255 असेल, तर चपलेच्या लेयरला क्लिप केलेल्या पहिल्या Curves मध्ये वरच्या उजव्या टोकाचा Output 110 करा. चामडं होतं 73, 47, 28. फिकट वेणी 240, 225, 190 ची 104, 97, 82 होते. चप्पल आता मेलेली दिसेल. दिसू दे.

दुसरा Curves बोर्डासाठी. त्याचे आकडे अंदाजाने टाकायचे नाहीत, फोटोतच ते लिहिलेले असतात, आणि इथेच आयड्रॉपरची गोष्ट येते. नळीचा मधला भाग कॅमेऱ्यात जळून जवळजवळ पांढरा झालेला असतो. तिथून उचललात तर 255, 235, 245 असलं काहीतरी फिक्कट हाती लागतं. नळीऐवजी पायरीच्या दगडावर मोजा. Sample Size मध्ये 5 by 5 Average ठेवा आणि एकाच दगडाचे दोन आकडे घ्या, एक बोर्डाच्या उजेडातला, एक सावलीतला. समजा सावलीत 40, 40, 42 आणि उजेडात 68, 42, 56. भागाकार केला की लाल 1.7 पट, हिरवा जेमतेम 1.05, निळा 1.33. हाच तुमचा बोर्ड. दगडाचा स्वतःचा रंग भागाकारात उडून जातो, म्हणून ही पद्धत रंगवलेल्या भिंतीवरही चालते.

आता दुसऱ्या Curves मध्ये लाल चॅनेलच्या वरच्या टोकाचा Input 255 वरून 150 वर आणा आणि निळ्याचा 190 वर. हिरवा सोडून द्या. चामडं येतं 124, 47, 38 आणि वेणी 177, 97, 110. वेणी ठसठशीत गुलाबी, चामडं गुलाबी न होता तांबूस. चामड्यात निळा मुळात कमी, मग बोर्डाने कितीही निळा ओतला तरी ते परत फेकणार किती?

मास्क नको म्हणणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात. बोर्ड डावीकडे वर आहे, तर पट्ट्याची उजवी उतरती बाजू आणि अंगठ्याखालचा खोलगट भाग गुलाबी कसा होईल? दुसऱ्या Curves चा मास्क काळा करा आणि Hardness 0, Flow 10% च्या ब्रशने बोर्डाकडे तोंड असलेले भागच पांढरे रंगवा: पट्ट्याचा डावा उतार, वेणीचे वरचे पीळ, टाचेची डावी जाडी. लांबची चप्पल जवळच्यापेक्षा थोडी कमी. इथे काही जण अंतराच्या वर्गाचा नियम लावतात आणि दुसरी चप्पल पार काळी करतात. तो नियम ठिपक्याएवढ्या दिव्याचा. मीटरभर लांब नळीच्या अगदी जवळ उजेड साधारण अंतराच्याच प्रमाणात घटतो, म्हणजे बराच हळू.

चकाकणाऱ्या भागांचा हिशेब निराळा. तेल लावलेल्या चामड्यावर नळीची बारीक रेघ उमटते, आणि ती चामड्याच्या रंगाची न होता बोर्डाच्या रंगाची असते. ती वेगळ्या लेयरवर काढून Linear Dodge (Add) करा. सोनेरी जरीचा गोंडा असेल तर मात्र ती रेघ थोडी सोन्याकडे झुकवा, कारण धातू परावर्तनालाही आपला रंग देतो.

सावलीबद्दल अर्धं मान्य. तळव्याच्या कडेला चिकटून जी बारीक फट असते तिथे कुठलाच उजेड पोचत नाही, तिथे काळी सावली बरोबर आहे. पण चपलेच्या उजवीकडे पडणारी सावली फक्त बोर्डाच्या उजेडाची आहे. तिथे दगड काळा पडत नाही, तो परत 40, 40, 42 होतो. म्हणून पायरीवर एक Curves घ्या, तेच आकडे उलटे: लाल Output 150, निळा Output 190. मास्क सावलीच्या आकाराचा. गुलाबी निघून जातो, दगड शिल्लक राहतो.

आणि हो, बोर्ड लांब असेल, वस्तू मॅट आणि मध्यम रंगाची असेल, तर Overlay 10% खपून जातो. “कुठलीही वस्तू, कुठलाही बोर्ड” मात्र नाही.

झालं की तपासा. Ctrl+3 दाबून नुसता लाल चॅनेल बघा: चप्पल शेजारच्या दगडाइतकीच डावीकडून उजळलेली दिसली पाहिजे. Ctrl+4 ने हिरव्यावर जा: तिथे बोर्ड जवळपास बंद असल्यासारखी चप्पल आणि पायरी दोन्ही सपाट दिसायला हवीत. हिरव्यात चप्पल एकटीच उजळ दिसली, तर पहिला Curves कमी पडलाय, Output आणखी खाली घ्या. Ctrl+2 ने परत पूर्ण रंगावर. मूळ फोटोत वेणी आधीच 255 ला जळलेली असेल तर तिचे पीळ कशानेच परत येणार नाहीत, दुकानदाराकडून दुसरा फोटो मागवा.