तोटा बाजाराचा आणि नफा माझा? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया (एक वाचक, बोरिवली): "यश माझं, अपयश दुसऱ्याचं, हा सरळ खोटारडेपणा आहे. त्याला मानसशास्त्राचं नाव देऊन तुम्ही लोकांना सूट देताय. आणि परिस्थिती खरंच आडवी येते त्याचं काय? लोकल बंद पडून माझा इंटरव्ह्यू हुकला, तर तोही माझाच दोष का?"

नमस्कार. यश आलं की श्रेय स्वतःला आणि अपयश आलं की दोष परिस्थितीला देण्याच्या माणसाच्या सवयीवर मी लेख लिहिला होता, त्यावरची ही प्रतिक्रिया. त्या लेखात माझा स्वतःचा हिशोब द्यायचा राहून गेला होता, तो आता देतो.

एप्रिल 2020 मध्ये, लॉकडाउनमध्ये मुलुंडच्या घरी बसून मी शेअर्समध्ये दोन लाख रुपये घातले. बाजाराचा निर्देशांक निफ्टी तेव्हा 9,000 च्या आसपास होता. ऑक्टोबर 2021 मध्ये तो 18,000 च्या वर गेला आणि माझे चार लाख झाले. ऑफिसात डबा खाताना मी सगळ्यांना सांगायचो, ताळेबंद वाचून शेअर निवडले म्हणून पैसे झाले. पुढे युक्रेनचं युद्ध सुरू झालं, अमेरिकेत व्याजदर वाढले, परदेशी संस्थांनी विक्रीचा सपाटा लावला. जून 2022 मध्ये निफ्टी 15,300 च्या आसपास आला आणि माझ्याकडे दोन लाख ऐंशी हजार उरले. तेव्हा त्याच टेबलावर मी युद्धाला आणि परदेशी संस्थांना बोल लावत होतो.

मी खोटं बोलत नव्हतो. दोन्ही वेळा मला ते मनापासून पटलेलं होतं, आणि म्हणूनच मला ही गोष्ट खोटेपणापेक्षा गंभीर वाटते. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं.

मग हे पटतं कसं? अहंकार जपण्यासाठी, हे उत्तर सगळ्यांना सुचतं आणि त्यात तथ्यही आहे. पण 1975 मध्ये डेल मिलर आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक कारण पुढे केलं. माणूस काम हाती घेतो ते जमेल या अपेक्षेनं. जमलं, की आपली मेहनत आणि निकाल यांचा धागा त्याला समोरच दिसतो. फसलं, की ठरवल्यापेक्षा वेगळं काहीतरी झालेलं असतं, म्हणून मधे काय आडवं आलं हे तो बाहेर शोधू लागतो. म्हणजे अहंकार बाजूला ठेवला तरी पारडं झुकू शकतं.

माझ्या वहीत हे अक्षरशः दिसतं. प्रत्येक खरेदीपुढे शेअर का वाढेल याची तीन-चार कारणं लिहिली आहेत: कर्ज कमी, ऑर्डर भरपूर, प्रवर्तकांचा हिस्सा मोठा. का पडेल, याची एकही ओळ नाही. भाव वाढला तेव्हा कारण माझ्याच अक्षरात तयार होतं. पडला तेव्हा वही कोरी होती, मग मी पेपर उघडला.

आता परिस्थितीबद्दल. तुमचा मुद्दा रास्त आहे. लोकल खरंच बंद पडते आणि युद्धही खरंच झालं. तुमचा इंटरव्ह्यू हुकला त्यात तुमचा दोष मला दिसत नाही. सांगितलेलं कारण खरं असूनही हिशोब चुकीचा असू शकतो, एवढंच माझं म्हणणं आहे. हे ओळखायला मी एक प्रश्न विचारतो: तेच कारण चांगल्या दिवशी मोजलं होतं का?

माझ्या आकड्यांना हा प्रश्न लावून पाहा. चढत्या काळात निफ्टी दुप्पट झाला आणि माझे पैसेही दुप्पटच झाले. डोळे मिटून निर्देशांकाचा फंड घेतला असता तरी साधारण एवढेच मिळाले असते. म्हणजे ताळेबंद वाचून माझ्या पदरात जवळपास काही पडलं नव्हतं. उतरत्या काळात निफ्टी 15 टक्के घसरला. माझ्या चार लाखांवर ते होतात साठ हजार. तोटा मात्र एक लाख वीस हजारांचा. निम्मा तोटा बाजाराचा, हे मी आजही म्हणेन. उरलेला निम्मा मी एकाच छोट्या रसायन कंपनीत गरजेपेक्षा जास्त पैसे अडकवल्याचा.

या हिशोबालाही मर्यादा आहे. शेअर्सना तुलनेसाठी निर्देशांक असतो, इंटरव्ह्यूला किंवा संसाराला नसतो. तिथे कुणाचा वाटा किती, हे इतकं स्वच्छ वेगळं करता येत नाही.

सूट देण्याबद्दल एक सांगतो. 2004 मध्ये 266 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. यश स्वतःचं आणि अपयश बाहेरचं मानण्याचा हा कल जवळपास सगळीकडे आढळला, पण नैराश्य असलेल्या लोकांमध्ये तो बराच कमी होता. त्यामुळे प्रत्येक अपयश स्वतःच्या माथी मारून घ्या, असं मी कुणालाही सांगणार नाही. कुणी आधीच खचलेलं असेल, तर मुळीच नाही.

वहीत आता मी प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारतो. उजवीकडे "का पडेल" ते लिहितो, आणि तेही पैसे घालण्याआधी. गेल्या महिन्यात उजवी बाजू भरता भरता एक खरेदी रद्द केली. तो शेअर त्यानंतर वाढला, आणि तेही त्याच पानावर लिहून ठेवलं आहे.