शो-नोट्सची पाककृती

आमच्या पॉडकास्टचे यजमान, म्हणजे दादा, तास-सव्वातास गप्पा मारून मोकळे होतात. मग फोन येतो, "ट्रान्सक्रिप्ट पाठवलंय. विषयांची यादी आणि पाच ठळक मुद्दे काढ. दहा मिनिटांचं काम आहे." दहा मिनिटांत तर त्यांची प्रस्तावनाही संपत नाही.

या वेळचे पाहुणे कोकणातले हापूसचे बागायतदार होते. ट्रान्सक्रिप्टमध्ये हापूसचा कापूस झालेला. ते ठीक, तेवढं कळतं. पण "आंब्यात साका झालाय हे बाहेरून कळत नाही" याचं "आंब्यात साखर झालीय" झालं होतं. साका म्हणजे गरात पडणारा पांढरट, आंबट, स्पंजासारखा भाग, जो कापल्यावरच दिसतो. हा मुद्दा तसाच छापला असता तर लोकांनी पेटीवाल्याला फोन करून 'साखर झालेलेच' आंबे मागितले असते.

विषयांची यादी त्यामानाने सोपी वाटते. ट्रान्सक्रिप्टमध्ये 'आंबा कसा पिकवावा' हा प्रश्न १४:२० ला होता, मी तोच आकडा टाकला. पण ट्रान्सक्रिप्ट कच्च्या रेकॉर्डिंगचं. नंतर सुरुवातीला ४५ सेकंदांचं संगीत चढलं आणि नवव्या मिनिटाला दादांना आलेला दोन मिनिटांचा फोन कापला गेला. म्हणजे खरी वेळ १३:०५. बरं, सगळ्यांतून सव्वा मिनिट वजा करावं, तर फोनच्या आधीचे विषय उलट ४५ सेकंद पुढे सरकलेले. त्यामुळे अंतिम फाइल हातात आल्याशिवाय वेळा लिहायच्याच नाहीत, आणि विषय सुरू होतो तो पाहुण्यांच्या उत्तराला नव्हे, दादांच्या प्रश्नाला. (दादांचा प्रश्न नेमका कुठे सुरू होतो, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.)

खरी गंमत ठळक मुद्द्यांत. पाहुणे काका म्हणाले, "पिवळा दिसला म्हणजे पिकला असं नाही." मराठीत नकार वाक्याच्या शेपटीला, आणि दादांना वाक्य संपायच्या आत "हो हो" म्हणायची सवय. कागदावर हे असं उतरलं:

काका: पिवळा दिसला म्हणजे पिकला असं
दादा: नाही हो हो

मुद्दा पार उलटा! तेव्हापासून यादीत घ्यायच्या प्रत्येक वाक्याचा ऑडिओ मी परत ऐकते. काकांनी खरं तर देठाजवळचा वास घ्यायला सांगितलं होतं, आणि पेंढ्यात आंबे एकावर एक फार थर न लावता ठेवायला.

एवढं करून चार मुद्दे निघाले. दादांचा निरोप आला, "पाचवा?"

"चारच आहेत, दादा."

"आंबा पौष्टिक असतो, हे टाक ना."

"हे काका कुठेच म्हणालेले नाहीत."

"मी म्हणणार होतो गं, तेवढ्यात तो फोन आला."