सात रुग्णांचा डोस आणि सात रस्त्याची जिम

“मामा, आमचे जिमचे सर म्हणतात क्रिएटिनची पावडर मायटोकॉन्ड्रिया दुरुस्त करते, तुमच्या कॅनडातच सिद्ध झालंय. मग रोज दहा ग्रॅम घेऊ का?”

सोलापुरातून, सात रस्त्याजवळच्या जिममधून, भाच्याचा हा मेसेज आला. मी राहतो त्याच हॅमिल्टनमधल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा तो 1997 चा अभ्यास. सरांनी आकडा बरोबर उचलला, माणसं मात्र मागेच सोडली.

रुग्ण होते सात, पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातच दोष असलेले; त्यांतले सहा मेलास या जन्मजात आजाराचे. दिवसातून दोनदा पाच-पाच ग्रॅम, चौदा दिवस; मग आठवडाभर दोनदा दोन-दोन ग्रॅम. मुठीची ताकद वाढली, जोराच्या व्यायामानंतर रक्तात वाढणारं लॅक्टेट कमी झालं. सावकाश, दमानं करायच्या व्यायामात मात्र फरक दिसला नाही.

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून घरोघर टाक्या असतात. क्रिएटिन ही तशी टाकी. स्नायूत फॉस्फोक्रिएटिनचा साठा वाढला की काही सेकंदांच्या जोरासाठी ऊर्जा हाताशी राहते. पण टाकी मोठी केली म्हणून उजनीची जलवाहिनी दुरुस्त होत नाही. मेलासमधला जनुकीय दोष होता तिथेच राहतो.

पुढे जर्मनीत मायटोकॉन्ड्रियाच्याच आजारांच्या सोळा रुग्णांना चार आठवडे रोज वीस ग्रॅम दिले. 2000 साली निकाल आला : लक्षणीय फायदा नाही. त्यांचे आजार वेगळ्या प्रकारचे होते, म्हणून फरक आजाराचा की चाचणीच्या पद्धतीचा, हा वाद राहिलाच. शेजारच्या न्यूरॉलॉजिस्ट बाई म्हणाल्या, “मी काही रुग्णांना देऊन बघते. पण मोजत राहते, आणि उपयोग दिसला नाही तर बंद करते.” असं मोजणारं जिममध्ये कोण आहे?

निरोगी तरुणांवर वेगळे अभ्यास झालेत, त्यांतून रोज तीन ते पाच ग्रॅम पुरतात असं दिसतं. जड सेटमध्ये वजन एखाददुसऱ्या वेळेस जास्त उचललं जातं. भाच्यानं घ्यायचंच तर त्या आधारावर घ्यावं. इथेही दुकानात डबे दुधाच्या पावडरीशेजारी ठेवलेले असतात आणि त्यांच्यावरचे दावे मला तितकेच खटकतात.

एवढ्यात आक्काचा फोन. “अरे, दाजींच्या अंगात क्रिएटिन आधीच जास्त आहे, रिपोर्टात 1.6 आलंय. आणि ते रोज पोराच्या डब्यातलं चमचाभर घेतायत!”

रिपोर्टात क्रिएटिनिन होतं. क्रिएटिनचं विघटन होऊन हा टाकाऊ पदार्थ तयार होतो आणि किडनी तो बाहेर टाकते, त्यामुळे पावडर घेतल्यावर किडनी ठीक असूनही आकडा चढू शकतो. पण दाजींना बारा वर्षं मधुमेह आहे, त्यामुळे फक्त पावडरीवर ढकलून चालणार नाही. डबा बंद करून डॉक्टरांना पावडरीचं स्पष्ट सांगा, किडनीसाठीच्या सिस्टॅटिन सी आणि लघवीतल्या अल्ब्युमिनच्या तपासण्यांबद्दल विचारा, असं मी सांगितलं.

सोमवारी ते रक्त द्यायला जाणार आहेत.