गूळ कमी पडला नाही, मी घातलाच नाही!

पहिला घास तोंडात जायच्या आत आज पुन्हा तेच. "आमटीला गूळ कमी पडलाय गं." अहो आई, कमी नाही पडला, घातलाच नाहीये! माझं माहेर कोल्हापूरकडचं, आमच्या आमटीत कांदा-लसूण चटणी पडते. तुमच्याकडे चिंच, गूळ, गोडा मसाला. मी तुमची आमटी मुकाट्याने खाते ना? कधी म्हटलं का, की ही आमटी आहे की गुळवणी?

आणि हे फक्त जेवणापुरतं असतं तर सोसलं असतं. ओटा पुसला तर फडकं ओलं राहिलं. बाळ रडलं तर दूध पुरत नाही, झोपलं तर फार झोपतंय. यावर सगळ्या मावश्या-काकूंचा एकच सल्ला: एका कानाने ऐकायचं, दुसऱ्याने सोडून द्यायचं. मधे डोकं आहे माझं, ते तापतं त्याचं काय?

माझी सहनशक्ती संपली ती मधावरून. बाळ तेव्हा आठ महिन्यांचं होतं. मी आंघोळीहून आले तर आई मधाचं बोट त्याच्या तोंडाशी नेत होत्या. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, हे मी आधी समजावलं होतं. मधात कधीकधी एका जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांना त्याने काही होत नाही, पण एवढ्या लहान आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. मुलाचं अंग ढिलं पडतं, गिळता येत नाही, श्वासाला त्रास होतो. हे क्वचितच होतं, पण झालं तर थेट दवाखाना. घरी मध गरम करूनही ते बीजाणू मरत नाहीत. यावर उत्तर काय, तर "तुझ्या नवऱ्याला मीच चाटवला होता, काय झालं त्याला?" आता यावर काय बोलणार!

तेव्हा कळलं की कारणं देत बसलं की वाद लांबतो. प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे एक जुना किस्सा तयार असतो. पुढच्या लसीच्या वेळी त्यांनाच सोबत नेलं आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारलं. मध नाही, आणि वर्षाच्या आत वरून मीठ-साखरही नाही, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. घरी आल्यावर मी एवढंच म्हटलं, "आई, दुपारचं नाचणीचं सत्त्व तुमच्याकडे. त्यात काय घालायचं नाही ते तुम्ही ऐकलंच आहे." नाचणी भिजवणं, मोड काढणं, वाटून गाळणं, सत्त्व वाळवणं हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं जमतं, हे मान्य. मधाची बाटली त्यानंतर खाली आलेली नाही.

आमटीलाही तोच उपाय. "आम्हाला अशीच आवडते. तुम्हाला गूळ हवा तर वाटीत घालून देते." रोज हेच, याच शब्दांत, आवाज न चढवता. आवाज न चढवणं किती अवघड आहे, हे ज्या गिळतात त्यांनाच ठाऊक!

आणि नवरोबा! "आई, तिला आवडत नाही गं तसं बोललेलं." वा! म्हणजे आईशी बोलणारा तो गुणी, आणि तक्रारखोर मी. त्याला बजावलंय, बोलायचं तर "मला" म्हणून बोल. "आई, मला ही आमटी आवडते. जेवताना हा विषय नको." आईंना मुलाचं ऐकायची सवय आहे, सुनेचा निरोप ऐकायची नाही.

सुरुवातीला प्रकरण बिघडलंच. "मला आज भूक नाही," मग नणंदेला फोन, तोही मला ऐकू येईल अशा आवाजात. मी एकदा विचारलं, ताट झाकून ठेवलं आणि माझं जेवले. मागे लागून मनधरणी केली असती तर पुढच्या वेळी भूक आणखी लवकर गेली असती. आता सूर बदललाय: "मी काही बोलत नाही हं, पण..." हीसुद्धा प्रगतीच म्हणायची, हसू नका. "पण"च्या पुढचं वाक्य हल्ली बरंच आखूड झालंय.

घड्यांचं मी सोडून दिलंय. मी घातलेल्या घड्या मोडून त्या पुन्हा घालतात, घालू देत. कपडे काही उपाशी राहत नाहीत. पण पाहुण्यांसमोर "आमच्या सुनेला घराकडे बघायला वेळच नसतो" हे मात्र मी आता ऐकून घेणार नाही. पुढच्या वेळी तिथल्या तिथे सांगणार, "हो, नोकरी आहे ना! म्हणून घराकडे आता तुमचा मुलगाही बघतो." आणि त्याने तेव्हा मोबाईलमध्ये तोंड खुपसलेलं असलं, तर त्यालाच उठवून चहा टाकायला लावणार!